सर की मॅडम?

आमच्या दारव्ह्याच्या झेरॉक्स दुकानात परवा एक पोरगी आली. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला, घरी चार एकर सोयाबीन. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सोयाबीनच्या यलो मोझॅक रोगावर काम चालतं, तिथल्या प्राध्यापकांना प्रोजेक्टसाठी मेल करायचा होता. मेल लिहून तयार होता, पण पहिल्याच ओळीवर गाडी अडली. "काका, हे सर हायेत का मॅडम?"

नाव होतं किरण. फोटो नाही. कॉलेजच्या यादीत आधी आडनाव, मग किरण, मग एका पुरुषाचं नाव. तिच्यासोबतची मैत्रीण म्हणे, "पुरुषाचं नाव हाये म्हणजे सरच." अवो, ते वडलाचं नाहीतर नवऱ्याचं असतं! त्यावरून काय कळणार?

पोरीनं लिहिलं होतं "Respected Dr. Kiran Sir". चार शब्दांत तीन जुगार: डॉ., नुसतं पहिलं नाव, अन् सर. मी यादीतला शिक्षणाचा रकाना दाखवला: एम.एस्सी., नेट. पीएचडी नाही. आपल्याकडं नेट-सेट काढून माणूस सहायक प्राध्यापक होतो, डॉक्टरेट नसली तरी. नसलेली पदवी लावली की वाचणाऱ्याला ती उगाच टोचते, अन् आपण चार ओळींची यादीही वाचली नाही हे दिसतं. असलेली गाळली तर काही जणांना राग येतो, तोही खरा. म्हणून रकाना बघायचा. पीएचडी दिसली तर डॉ., नाहीतर प्रा. महाराष्ट्रात कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही प्रा. चालतं, पद सहायक असो की सहयोगी. (इंग्लंडात मेल करणार असाल तर हे चालत नाही, तिकडं प्रोफेसर ही वरची पायरी आहे, खालच्यांना पीएचडी असेल तर डॉक्टर म्हणतात.)

मग सर-मॅडमचं काय? ते लिहायचंच नाही. "आदरणीय प्रा." अन् पुढं आडनाव, बस. इंग्रजीत "Dear Professor" आणि आडनाव. श्री., सौ., श्रीमती तर बिलकुल नको. श्रीमती म्हटलं की आमच्याकडं काही घरांत अजूनही विधवाच समजतात. "Dear Sir/Madam" मला बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं, नाव माहीत असताना तर जास्तच.

उरलेल्या मजकुरात मराठीच मदतीला येते. "आपण यलो मोझॅकवर काम करता", "आपण कळवलंत तर मी येऊन भेटते". आपण लावलं की समोरची बाई का पुरुष, क्रियापद सांगतच नाही. फक्त तिसऱ्या माणसाबद्दल लिहिल्यासारखं "सर शिकवतात, ते…" असं घसरायचं नाही.

मेल गेला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: पुढच्या सोमवारी या, सोयाबीनची पानं कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकमध्ये नको. खाली सही, अन् सहीखाली "पीएचडी संशोधक विद्यार्थिनी" असंही लिहिलेलं.

पोरगी पुन्हा दुकानात. "काका, आता मॅडम लिहू ना?"

म्हटलं, आता लिही. आडनाव अन् मॅडम. नुसतं किरण मॅडम नको, तेवढी ओळख सोमवारनंतर.