दहा पावलं मागे सरकून टाकीची उंची निघत नाही

‘नदीपलीकडच्या टाकीची उंची मोबाईलवर निघते. काठावरून माथ्याचा कोन घ्या, दहा पावलं मागे येऊन दुसरा घ्या, सूत्रात घाला. मधलं अंतर कितीही चालतं, काठ कसाही असो. येईल ती टाकीची उंची.’

या सल्ल्यातलं सूत्र बरोबर आहे. जवळचा कोन α, लांबचा β, मधलं अंतर d, तर उंची h = d / (cot β − cot α). नदी ओलांडावी लागत नाही, तिची रुंदीही मोजावी लागत नाही. चूक आहे ती पुढच्या तिन्ही सवलतींत.

अंतर कितीही चालत नाही. समजा तापीच्या काठावरून टाकीचा माथा १८.५ अंशांवर दिसतो आणि सरळ ६० मीटर मागे गेल्यावर १२.५ अंशांवर. उत्तर येतं ३९.४ मीटर. हातात धरलेल्या मोबाईलने अर्ध्या अंशाची चूक सहज होते. मागचा कोन १२ वाचला, तर उत्तर ३५ वर येतं. हेच १० मीटर मागे जाऊन केलं, तर दोन कोनांत मुळात दीड अंशाचाही फरक उरत नाही. तेवढ्याच चुकीने उत्तर २८ वर घसरतं. म्हणून मागे भरपूर जा, अंतर टेपने मोजा आणि प्रत्येक कोन चार-पाच वेळा घेऊन सरासरी काढा. उन्हाळ्यात हे सकाळीच उरका. दुपारी तापल्या वाळूवरची हवा थरथरते, माथा स्थिर दिसतच नाही.

‘काठ कसाही असो’ हे तर आपल्याकडे अजिबात चालायचं नाही. तापीचा काठ म्हणजे घळी आणि चढउतार. मागची जागा ३ मीटर उंच असली, तर वरच्याच उदाहरणात मागचा कोन ११.६ च्या आसपास येतो आणि उत्तर ३२ मीटरच्या खाली जातं. कोन अचूक, अंतर अचूक, तरी पावणेआठ मीटरचा घाटा! सूत्राने दोन्ही जागी डोळे एकाच पातळीवर धरलेले असतात.

अशा ठिकाणी मागे जाऊच नका, काठाने बाजूला जा. पहिल्या जागी टाकीची दिशा आणि तुमची काठालगतची रेघ यांत ९० अंश करा, रेघेवर ६० मीटर चाला आणि आडव्या पाटीवर कोनमापक ठेवून रेघ आणि टाकीची दिशा यांतला तिथला कोन घ्या. तो ६३ आला, तर टाकी पहिल्या जागेपासून ६० × tan 63° = ११७.८ मीटर लांब. त्याला tan 18.5° ने गुणा, पुन्हा ३९.४. दुसरी जागा थोडी वरखाली असली तरी बिघडत नाही, फक्त ६० मीटर आडवे मोजलेले हवेत.

आता ‘येईल ती टाकीची उंची’. येते ती तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासून माथ्यापर्यंतची उंची. पायथा तुमच्या पावलांच्याच पातळीत असेल, तर डोळ्यांची उंची, समजा दीड मीटर, मिळवून भागतं. पण समोरचा काठ खाली असेल, तर पहिल्या जागेवरून पायथ्याचाही कोन घ्या. तो २ अंश खाली दिसला, तर ११७.८ × tan 2° म्हणजे ४.१ मीटर मिळवा; दीड मीटर मग वेगळे मिळवायचे नाहीत. टाकी ४३.५ मीटर. पायथा झाडीत दडलेला असेल, तर झाडीच्या वरचा जो भाग दिसतो, तेवढ्याचीच उंची सांगा.