कर्ज फेडलं म्हणजे जुगार सुटला का?

«मुलगा ऑनलाइन रमीच्या, सट्ट्याच्या नादी लागला तर घरच्यांनी एकदाच सगळं कर्ज फेडून टाकावं आणि देवापुढे शपथ घ्यायला लावावी. डोक्यावरचा भार उतरला की खेळ आपोआप सुटतो. आता तर कायद्यानेच बंदी आली आहे, मग डॉक्टर आणि समुपदेशन कशाला?»

पुण्यात कितीतरी सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय, आणि तो वाचून आईवडील ठेवी मोडतात. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात पैशांचं समुपदेशन मी करते, म्हणून आधी पैशांबद्दलच लिहिते.

अनेक घरांतले तपशील जुळवून एक उदाहरण घेऊ. हडपसरला राहणारा तिशीतला नोकरदार, पगार 58,000. घरी त्याने सांगितलं की क्रेडिट कार्डाचे 1,40,000, लोन अॅपचे 90,000 आणि मित्राचे 70,000, असं तीन लाखांचं देणं आहे. वडील तेवढे पैसे त्याच्या खात्यात टाकायला निघाले होते. आम्ही त्याला समोर बसवून क्रेडिट रिपोर्ट काढला, तर 1,60,000 चं आणखी एक वैयक्तिक कर्ज निघालं. पहिल्यांदा सांगितलेला आकडा क्वचितच पूर्ण असतो. यात लबाडीपेक्षा लाज जास्त असते. बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट, क्रेडिट रिपोर्ट आणि उसनवारीची हाताने लिहिलेली यादी, हे सगळं शेजारी ठेवल्याशिवाय आम्ही एक रुपयाही फेडू देत नाही. मित्रांची उसनवारी कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आता एकरकमी फेडीने काय होतं ते पाहा. कार्डाची बाकी शून्य झाली की 1,40,000 ची मर्यादा पुन्हा मोकळी होते. लोन अॅप तर वेळेत फेडणाऱ्याला बऱ्याचदा जास्त रकमेची ऑफर देतं. म्हणजे ज्या दिवशी घर सुटकेचा श्वास सोडतं, त्याच दिवशी त्याच्या हाताशी सर्वांत जास्त पैसा असतो. शिवाय जुगाराचं व्यसन हा आजार आहे, आणि पैशांच्या अडचणीतून सोडवायला दुसऱ्यांवर विसंबणं हे त्याच्या निदानाच्या नऊ निकषांपैकीच एक आहे.

या घरात वडिलांनी फक्त लोन अॅपचे 90,000 भरले. तेही थेट कर्ज देणाऱ्या कंपनीला, आणि खातं बंद झाल्याचं पत्र घेऊन. बँकेकडून कार्डाच्या बाकीचे हप्ते करून घेतले आणि कार्डाचा वापर बंद केला. घरखर्चाचे 34,000 बाजूला काढल्यावर 24,000 उरत होते. त्यातून वैयक्तिक कर्जाला 7,500, कार्डाला 7,000 आणि मित्राला 3,500. उरलेले 6,000 अडीअडचणीला. पगार बायकोच्या खात्यात वळवला आणि त्याच्या यूपीआयला रोजच्या खर्चापुरतीच मर्यादा घातली. वसुलीवाल्यांच्या धमक्यांनी तो खचला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, हे कळल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

शपथेबद्दल थोडक्यात. शपथ मोडली की माणूस ते लपवतो, आणि लपवण्यातूनच नवं कर्ज वाढतं. आम्ही सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतो: लावायची रक्कम वाढवत न्यावीशी वाटली का? किती खेळलात याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर हो आलं तर डॉक्टर नऊ निकषांवर सविस्तर तपासतात. बारा महिन्यांत चार निकष जुळले तर निदान होतं. त्याच भेटीत जीव द्यायचे विचार येतात का, हेही सरळ विचारतो. कर्ज घरी उघडं पडतं तो काळ फार नाजूक असतो. अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं.

बंदीचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 चा कायदा पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांवर, त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आणि त्यांचे व्यवहार हाताळणाऱ्यांवर आहे. तो हवाच होता. पण परदेशी साइट आणि ओळखीतला बुकी त्याने नाहीसे होत नाहीत, आणि हरलेलं परत मिळवायची ओढ तर माणसाच्या आतच असते.

म्हणून घसरण होईल हे धरूनच आम्ही आखणी करतो. या माणसाचे धोक्याचे प्रसंग ठरलेले होते: पगाराची रात्र, आयपीएलची मॅच, बायको माहेरी गेलेली असणं आणि शेवटचा हप्ता फिटण्याचा महिना. हा शेवटचा प्रसंग घरच्यांच्या लक्षातच येत नाही, कारण त्यांना तो आनंदाचा वाटतो. ओढ आली की अर्धा तास थांबायचं, फोन दुसऱ्याकडे द्यायचा आणि बाहेर पडायचं. बहुतेक वेळा तेवढ्यात लाट ओसरते. शंभर रुपये जरी लावले तरी त्याच दिवशी बायकोला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन करायचा. बायकोने त्यावर भांडायचं नाही आणि ते शंभर भरूनही द्यायचे नाहीत, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवलेलं आहे. महिन्यातून एकदा तिघं बसून यूपीआयचं स्टेटमेंट ओळीने वाचतो, आणि अनोळखी नावावर गेलेल्या छोट्या रकमांवर आधी बोट ठेवतो.