पोटरी दुखली की थांबणं पुरेसं नसतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

«गरोदर बायकांना पळायला सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. नाडी १४० च्या वर जाऊ द्यायची नाही हा साधा नियमसुद्धा तुमच्या लेखात नाही. उताणं झोपून करायच्या व्यायामांबद्दल लिहिलंय तेही चूक. आणि थांबायच्या लक्षणांवर एवढं पाल्हाळ कशाला? त्रास झाला की बाई आपोआप थांबते, तेवढी अक्कल सगळ्यांना असते. तुम्ही डॉक्टर आहात का? नसाल तर लिहू नका.»

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा नुसता राग होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगते. चूक दाखवणाऱ्याचे मी आभार मानते, पण «बेजबाबदार», «अक्कल», «लिहू नका» हे चूक दाखवण्याचे शब्द नव्हेत. समोर बसून तुम्ही माझ्याशी असं बोलला नसता.

उताण्या व्यायामांबद्दल तुमचं बरोबर आहे. मी «सहाव्या महिन्यापासून टाळा» असं लिहिलं होतं. पहिले तीन महिने सरले की बराच वेळ उताणं पडून व्यायाम न केलेला बरा. वाढलेली गर्भपिशवी पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाब देते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि चक्कर येते. ती ओळ आज दुरुस्त केली आहे. मी डॉक्टर नाही, आणि हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे.

आता «त्रास झाला की बाई आपोआप थांबते» या वाक्याकडे येते. बाकीचं मी सोडून दिलं असतं, हे सोडवत नाही. कारण मी थांबले होते, आणि थांबूनही माझं थोडक्यात निभावलं.

दिवस जाण्याआधी सहा वर्षं मी नियमित पळत होते. डॉक्टरांना विचारून, वेग कमी करून पळणं चालू ठेवलं होतं. सत्ताविसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तीन किलोमीटर संथ पळून आले आणि डावी पोटरी दुखायला लागली. मला वाटलं, स्नायू आखडला. दुसऱ्या दिवशी पळले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाय वर घेऊन बसले आणि दुखणं थोडं कमीही झालं. या थोड्याशा आरामानं मला फसवलं. थांबलो, बरं वाटलं, म्हणजे व्यायामानंच दुखत होतं, असा हिशेब मी केला.

तिसऱ्या रात्री मोजे काढले तेव्हा डाव्या पायावर इलॅस्टिकचा खोल वळ होता, उजव्यावर नुसती पुसट रेघ. सासूबाईंनी शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी आणली. गुडघ्याखाली साधारण दहा सेंटिमीटरवर, दोन्ही पायांना एकाच जागी, पट्टी लावली. उजवी पोटरी ३४, डावी ३७. हाताला डावी गरमही लागत होती. मी तेल लावून चोळायला निघाले होते, त्यांनी अडवलं आणि आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर म्हणाल्या, चोळू नका, सकाळची वाट पाहू नका, आत्ता या. डॉपलर सोनोग्राफीत पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. त्यानंतर रोज पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन. बाळंतपणाच्या सुमारास डॉक्टरांनी ते थांबवलं आणि नंतर पुन्हा सहा आठवडे दिलं. हे औषध वारेतून बाळापर्यंत जात नाही, हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

ही गुठळी पळण्यानं झाली नव्हती. गरोदरपणात रक्त मुळातच जास्त गोठू लागतं आणि पायांतून वर जाणारा प्रवाह मंदावतो. डाव्या पायाची शीर कमरेपाशी एका धमनीखालून जाते, म्हणून गुठळी बहुधा डावीकडे होते. साधा पोटरीत गोळा येतो तो बहुतेक रात्री, एकदम, असह्य. पंजा आपल्याकडे ओढला की काही मिनिटांत सुटतो, मागे हुळहुळणं तेवढं राहतं. गुठळीचं दुखणं त्याच पायात मुक्काम ठोकतं, चालताना वाढतं, पाय सुजतो, गरम लागतो, कधी लालसर दिसतो. दोन्ही पावलं संध्याकाळी सारखीच सुजणं वेगळं, एकच पाय सुजणं वेगळं. माप सारखं आलं म्हणूनही निर्धास्त राहू नये, कारण गुठळी वर मांडीत किंवा ओटीपोटात असली तर दुखतं मांडीला नाहीतर जांघेत.

या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवावर बेततं. म्हणून दम लागण्यावर मी एवढं लिहिलं. जिना चढताना दम लागणं गरोदरपणात नेहमीचंच. पण व्यायाम सुरू करायच्या आधीच, बसल्या जागी दम लागत असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर नुसतं थांबून भागत नाही, तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, पोटात ठराविक अंतरानं कळा येणं, चक्कर, जोराची डोकेदुखी, तोल जाईल असा अशक्तपणा, यांचंही तसंच: व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन. पाणी गेलं की लघवीचा थेंब सुटला, हे उडी मारताना कितीजणींना ओळखता येतं? हे सगळं «आपोआप» कळत असतं तर लिहावं लागलं नसतं.

१४० चं थोडक्यात सांगते. हा आकडा अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ साली दिला होता आणि १९९४ साली त्यांनीच काढून टाकला. गरोदरपणात बसल्या जागीच नाडी वाढलेली असते, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. व्यायाम करताना सलग वाक्य बोलता येतंय का, हे पाहायचं. शब्दाशब्दाला धाप लागली की वेग कमी करायचा. तुम्ही मला नियम माहीत नाही असं सुनावलंत. तो जाऊन तीस वर्षं झाली.

पळायला मी कुणालाच सांगितलेलं नाही. आधीपासून पळणारीनं, सगळं ठीक असेल तर, डॉक्टरांशी बोलून चालू ठेवावं, एवढंच लिहिलं होतं. नव्यानं सुरू करणारीसाठी चालणं, पोहणं, जागेवरची सायकल. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यानं. घोडेस्वारी, धक्काबुक्कीचे खेळ आणि पाठीवर हवेच्या टाक्या बांधून पाण्याखाली उतरणं नको, हेही तिथेच आहे. वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात का, असं विचारायचा मोह होतोय, आणि विचारतेच.

उताण्या व्यायामांची ओळ बदलली आहे. लक्षणांचा भाग आहे तेवढाच राहील, आणि त्यात मोज्याचा वळ आणि मोजपट्टीचं आज वाढवणार आहे.