हळू बोललेलं म्हणजे सोपं नसतं वो

सकाळी सकाळी भाचीनं तिच्या जर्मन क्लासच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला आणि डोकं फिरलं माझं. "रोज चार तास जर्मन ऐका, काम करता करता ऐकलं तरी चालेल, भाषा आपोआप आत जाते." आपोआप! फिया घेताना बरं आपोआप काही होत नाही ह्यांचं.

पोरगी इथं एका हॉस्पिटलात नर्स आहे. जर्मनची बी१ पातळी आत्ता कुठं पास झालीय, जर्मनीला जायचं म्हणून त्याच्या वरचं बी२ चाललंय. ड्युटीवरून जुळे सोलापूरला घरी यायचं, कानात इयरफोन, हातात भाकरीचं पीठ. असे दोन महिने गेले, आणि परवा मला म्हणते, "मावशी, मला नुसतं जर्मन वाजल्यासारखं ऐकू येतंय, शब्दच नाही कळत."

मी विचारलं, ऐकतेस काय? तर डॉइच वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्यांचा पॉडकास्ट. क्लासनं सांगितलं म्हणे, हळू आहे म्हणजे तुमच्या लेव्हलचं. अहो, डॉइच वेलेनं स्वतः त्यावर बी२, सी१ लिहिलंय की! बातमीची भाषा म्हणजे लांबलचक वाक्यं, क्रियापद पार शेवटाला, आणि 'बुंडेसफेरफासुंग्सगेरिश्त' असले शब्द (त्यांचं घटना बघणारं कोर्ट). हे तुम्ही कितीबी हळू वाचा, माहीत नसलेला शब्द हळू ऐकला तरी माहीत नसलेलाच राहतो.

मग तिला बसवलं टेबलाशी. भाकरी राहू दे म्हणलं. आधी त्याच बातम्या, दोन मिनिटं, कागद न बघता. काय झालं ते मराठीत सांग. काही नाही सांगता आलं. मग त्याचा मजकूर उघडला, डॉइच वेले तो फुकट देतंय, तर वाचूनसुद्धा ओळीला दोन-तीन शब्द अडले. संपला विषय, हा पॉडकास्ट आत्ता हिचा नाही. सहा महिन्यांनी बघू.

नंतर दोन बायका गप्पा मारतायत असला एक घेतला, मजकुरासकट. ह्यात कोण बोलतंय, कुठं जायचंय, भांडण कशावरून, एवढं तिला सांगता आलं, मधलं बरंच सुटलं. हे बरोबर माप. मग अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेतला आणि ऐकून लिही म्हणलं, पाहिजे तितक्यांदा मागं ने. ह्यात खरी मजा आली! "हास्ट डू आइनन टेअमीन?" म्हणजे अपॉइंटमेंट आहे का, हे चारही शब्द तिला ए१ पासून पाठ. पण बाई बोलली "हास्त नन टेअमीन", आणि पोरीनं वहीत नुसतं 'टेअमीन' लिहून पुढं रेघ मारली. पुढचं वाक्य, "इश रूफं दिश नाख डेअ शिश्त आन", शिफ्टनंतर तुला फोन करते. शेवटचा 'आन' गळाला. आता हा 'आन' त्या 'रूफं'चाच तुकडा आहे, दोन्ही मिळून फोन करणं होतं. तो ऐकला नाही तर बाई नुसती हाक मारतेय असं वाटतं.

मजकूर उघडून दाखवला तर म्हणते, "अगं हे तर सगळं येतं मला!"

तेच तर! कागदावर कळतं पण कानाला कळत नाही, असं जिथं होतं तिथंच मुक्काम करायचा. कागदावरच कळत नसेल तर पॉडकास्ट अवघड. ऐकूनच सगळं कळलं तर सोपा झाला, पुढचा घ्या. एवढं क्लासवाल्यांना सांगायला काय जड जातं? अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर आमचा पाऊण तास गेला, आणि मजकूर बंद करून परत लावला तर 'नन' ऐकू आला तिला. चेहरा बघण्यासारखा होता पोरीचा. दमलेली ड्युटीवरून, तरी परत लाव म्हणाली.

बरं, काम करता करता ऐकू नये असं नाही माझं. असा खणून काढलेला एपिसोड दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना लावा की, तेव्हा चालतंय. आणि स्पीड पाऊणपट केला तरी हरकत नाही, फक्त शेवटची फेरी मूळ स्पीडनं, कारण परीक्षेत कोणी बटण देत नाही हातात. बी१ च्या ऐकण्याच्या पेपरात दोन भाग तर एकदाच ऐकवतात, तिला माहितीय ते, घाम फुटला होता.

आता तिनं क्लासच्या ग्रुपवर विचारलं, सर मजकूर असलेला बी१ चा पॉडकास्ट सांगा. डॉइच वेलेचंच 'टॉप-टेमा' आहे, बी१ चं, मजकूर आणि शब्दार्थासकट. सरांनी अंगठा दाखवला आणि परत तोच चार तासांचा मेसेज टाकला. क्लासचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, तिला अजून तिथंच बसायचंय, फी भरलीय.