कढईचं रिकामं वजन

भुट्ट्याचा कीस कसा करायचा हे इंदूरच्या घरात कोणी कोणाला शिकवत नाही. पावसाळा लागला, मंडईत कणसांचे ढीग दिसले, की घरातली किसणी आपोआप खाली उतरते. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी तर आईच्या हाताला मोजमाप हा शब्दच माहीत नाही. ती तुपाच्या बरणीत चमचा घालते, बाहेर काढते आणि म्हणते, "एवढं." एवढं म्हणजे किती, असं विचारायची आजवर गरज पडली नव्हती.

गरज पडली ती माझ्या ट्रायग्लिसराइड्समुळे. रिपोर्ट बघून डायटिशियनबाईंनी कागदावर तीन आकडे लिहून दिले. संध्याकाळच्या खाण्यात प्रथिनं किती, कर्बोदकं किती आणि फॅट पंधरा ग्रॅमच्या आत. फॅटच्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. मी घरी येऊन पाच ग्रॅमसुद्धा दाखवणारा वजनकाटा आणला आणि आईच्या 'एवढं'ला पहिल्यांदा आकड्यात पकडलं. चार माणसांना कीस सहाशे ग्रॅम, मलईचं दूध तीनशे मिली, तूप तीस ग्रॅम, साखर दहा ग्रॅम. मक्यातून फॅट येतं सातेक ग्रॅम, सहा टक्क्यांच्या दुधातून अठरा आणि तुपातून सगळंच्या सगळं तीस. एकूण पंचावन्न, भागिले चार, म्हणजे प्रत्येकी चौदा. शिजल्यावर कढईत सातशे वीस ग्रॅम कीस उरला, म्हणजे वाढ एकशे ऐंशी ग्रॅमची. मी खूश झालो. भुट्ट्याचा कीस आणि डायटिशियनबाई एकाच ताटात बसत होत्या.

मग एकदा घरचे सगळे लग्नाला उज्जैनला गेले आणि मी एकट्यापुरता कीस करायला घेतला. हिशेब तर चौथीतल्या मुलाला येईल असा होता. सगळ्याला चारानं भागायचं. दीडशे ग्रॅम कीस, पंच्याहत्तर मिली दूध, साडेसात ग्रॅम तूप. पाचाच्या पटीत आकडा दाखवणाऱ्या माझ्या काट्याला साडेसात ग्रॅम कळत नाहीत, म्हणून मी विचार केला की एक चमचा घालू, चमचाभर म्हणजे असेलच तेवढं. पावसाळ्यात थिजलेलं रवाळ तूप चमच्यावर छान डोंगरासारखं बसतं. नंतर सहज तसेच चार चमचे वाटीत काढून मोजले तर साठ ग्रॅम भरले. म्हणजे माझा एक चमचा पंधरा ग्रॅमचा होता, दुप्पट! माझ्या त्या वाढीत फॅट चौदा नव्हतं, एकवीस होतं.

वर गंमत अशी की घरात कढई एकच, चार माणसांची. तिच्या पसरट तळावर माझ्या दीडशे ग्रॅम किसाचा जेमतेम एक थर झाला आणि दूध बघता बघता आटलं. खाली उतरवून वजन केलं तर एकशे तीस ग्रॅम. माझा चेहरा उजळला. एकशे ऐंशीऐवजी एकशे तीस, म्हणजे फॅटसुद्धा त्याच हिशेबानं कमी झालं असणार! हा आनंद मी भांडी घासेपर्यंत टिकवला. घासता घासता लक्षात आलं की कढईतून जे उडालं ते पाणी होतं. तूप उडून कुठे जात नाही. जेवढं फॅट घातलं तेवढं त्या एकशे तीस ग्रॅममध्ये मुकाट बसलं होतं, थोडं तळाला चिकटलेलं सोडलं तर. आणि कीस कोरडा झाला म्हणून मी वरून आणखी दूध घालायच्या बेतात होतो! दूध घातलं असतं तर वजनाबरोबर फॅटही वाढलं असतं. पाण्याचा हबका मारला की वजन वाढतं आणि फॅट जिथल्या तिथे राहतं. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी मला काळी कढई घासावी लागली.

तेव्हापासून माझी अशी ठाम समजूत झाली की भानगड छोट्या मापात असते. सोळा जणांच्या कढईत चमचाभर तूप इकडचं तिकडे झालं तर माणशी एक ग्रॅमही फरक पडत नाही. एकट्याच्या कढईत तोच चमचा सगळं गणित बुडवतो. त्यामुळे गणपतीत पाचव्या दिवशीच्या आरतीला सोळा माणसं येणार आणि कीस करायचा ठरलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. चौपट करायचं. दोन किलो चारशे कीस, एक लिटर दोनशे दूध, एकशे वीस तूप, चाळीस साखर.

"आणि हिंग?" आईनं विचारलं.

"तोही चौपट."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी कागद खिशात घातला. हिंग, मोहरी, मिरची ही मंडळी चौपट होत नाहीत, हे ती न शिकता जाणते. तिनं मिरच्या दुपटीहून थोड्या जास्त घेतल्या आणि हिंग चिमटीनं. मीही वाद घातला नाही, कारण हिंगाला आणि मिरचीला माझ्या तीन आकड्यांशी काही देणंघेणं नाही. त्या चवीनं वाढवाव्यात. मोजायचे ते मका, दूध आणि तूप, आणि त्यातही खरा गुन्हेगार तूप.

तुपासाठी मी एक युक्ती केली, जिचा मला अजून अभिमान आहे. आईच्या हातातला चमचा धरायला जाण्यात अर्थ नसतो. म्हणून मी तुपाची बरणीच आधी काट्यावर ठेवली, सहाशे चाळीस ग्रॅम. मग आईला म्हटलं, "घाल तुला हवं तेवढं." कढई मोठी, शेजारच्या काकूंकडून आणलेली जाड पितळी. "तळ तर भिजला पाहिजे," असं म्हणत आईनं मनासारखं तूप घातलं. नंतर बरणी पुन्हा काट्यावर ठेवली तर चारशे पंच्याऐंशी. म्हणजे एकशे पंचावन्न ग्रॅम तूप गेलं. पस्तीस जास्त. एकूण फॅट झालं दोनशे छप्पन्न, भागिले सोळा, बरोबर सोळा ग्रॅम. माझ्या रेषेच्या एक ग्रॅम वर.

पण सोळानं भागायचं ते सोळा सारख्या वाढी झाल्या तर, आणि आमच्या गल्लीत सारख्या वाढी ही कल्पना कोणी ऐकलेली नाही. कोणी चव बघायला म्हणून दोन चमचे घेतं, तर कोणाला ताटली दिसेनाशी होईपर्यंत हवं असतं. त्यामुळे खरा हिशेब माणसांवर नाही, वजनावर करायचा. शिजलेला कीस एकूण किती भरला ते बघायचं आणि माझ्या ताटलीतले एकशे ऐंशी ग्रॅम त्याचा कितवा हिस्सा होतात तेवढं फॅट आपलं म्हणायचं.

इथेच ती कढई आडवी आली. चौपट मालाला चौपट रुंद कढई कोणी घेत नाही, माल उंचीला चढतो. वरून वाफ जायला जागा त्या मानानं कमी. वीस मिनिटांत आटणारं दूध चाळीस मिनिटांनंतरही कडेनं खदखदत होतं. बाहेर आरतीचं ताट तयार, आत आई झारा फिरवतेय, बायको सारखी डोकावतेय. शेवटी लिंबू पिळून कढई उतरवली. नेहमीपेक्षा ओलसर वाटत होता, पण किती ओलसर हे डोळ्यांना कळेना.

काट्यावर ठेवली तर काट्यानं Err दाखवलं. त्याची झेप पाच किलोपर्यंत. मग मी बेडरूममधला माणसं मोजायचा काटा ओढून आणला. आधी मी एकटा चढलो, अठ्ठ्याहत्तर किलो चारशे. मग दोन्ही कानांना फडकी गुंडाळून गरम कढई छातीशी धरून चढलो. मुलगी वाकून आकडा वाचत होती आणि दारात आरतीला आलेली निम्मी गल्ली.

"पंच्याऐंशी किलो सातशे," ती मोठ्यांदा म्हणाली.

"भिया, गणपतीत एवढं वाढलं?" मागून कोणीतरी विचारलं.

कढईसकट सात किलो तीनशे. हा काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो, पण तीन किलोच्या आसपास शंभर ग्रॅम म्हणजे शेकडा तीन, तेवढं चालतं. फक्त कढईचं वजन वजा करायचं होतं. आणि रिकामी कढई मी मोजलीच नव्हती.

आई म्हणाली चार किलोची असेल. बायको म्हणाली साडेचारच्या खाली नाही. या अर्ध्या किलोवर माझा सगळा प्रश्न टांगलेला होता. कढई चार किलोची असेल तर कीस तीन किलो तीनशे, त्यात पाणी जास्त राहिलंय, आणि माझ्या एकशे ऐंशी ग्रॅममध्ये फॅट बसतं चौदा. साडेचारची असेल तर कीस दोन किलो आठशे आणि तेवढ्याच ताटलीत साडेसोळा.

"अहो, मोजत बसू नका, वाढू का आता?" बायको म्हणाली. मी काय केलं, माझी ताटली आधी वाढून तिचं वजन लिहून ठेवलं, एकशे ऐंशी ग्रॅम बरोबर. कढई रिकामी झाली, घासली, की मोजू आणि मागाहून हिशेब लावू. फॅट काही रात्रीतून पळून जात नाही. तेवढ्यात आत्या आली आणि "कोरडा कसला खातोस रे!" म्हणत तिनं माझ्या ताटलीवर मूठभर सेव आणि वर जीरावन भुरभुरलं. सेव बाजूला सारली आणि तिचा हिशेब वेगळ्या ओळीत लिहिला.

सकाळी उठून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर सगळी भांडी पालथी घातलेली, कढई तेवढी नाही.

"दिली की काकूंना परत," बायको म्हणाली. "सकाळीच."

काटा काखेत मारून मी शेजारी गेलो. काकू दारातच होत्या. म्हटलं, काकू, तुमची कढई पाच मिनिटं हवी होती, रिकामी.

"अरे, रिकामी कशी असेल?" काकू म्हणाल्या. "तुझ्या आईनं रिकामं भांडं कधी परत पाठवलंय का? उरलेला कीस घालून पाठवला होता. तो आम्ही आत्ताच नाश्त्याला संपवला, छानच झाला होता हो. आणि आज आमच्याकडे आरती, म्हणून खिरीचं दूध ठेवलंय तिच्यात. तीन लिटर. थांब, आटेपर्यंत बस."