पिठलं, आणि पुढं काहीच नाही

बायकोनं घरगुती डबे सुरू केले आणि वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठवड्याचा मेनू, कुठवर डबा पोचवणार ते, आणि खाली एक हिरवं बटण. ते दाबलं की व्हॉट्सॲप उघडणार, त्यात मजकूर तयार, गिऱ्हाइकानं फक्त नाव-पत्ता भरून पाठवायचं. नऊच्या आत मेसेज आला तर दुपारी डबा.

हद्दीसाठी मी आधी नकाशावर मंगळवार पेठेतल्या आमच्या घराभोवती तीन किलोमीटरचं गोल वर्तुळ काढलं. त्यात रंकाळा अख्खा आला, म्हणजे मासेसुद्धा गिऱ्हाईक. बायको म्हणाली, "अहो, पोरगं सायकलवर जातंय, कावळा न्हवं." मग मुकाट्यानं पेठांची नावं लिहिली.

सोमवारी पहिला मेनू होता पिठलं-भाकरी. आठपासून फोन टणाटण वाजायला लागला. बावीस मेसेज! मी छाती फुगवून स्वयंपाकघरात गेलो. बायको फोनकडं बघत होती.

"सगळ्यांना नुसतं पिठलंच पाहिजे म्हणं."

खरंच. बावीसही मेसेज तंतोतंत सारखे: 'वैनी, आजचा डबा: पिठलं'. भाकरी नाही, नाव नाही, पत्ता नाही. लोकांना वाटलं असणार, बटणानंच सगळं कळवलं. आम्ही बावीस नंबरांना एकेक फोन लावला. एक काका म्हणाले, "भाकरी नसंल तर पिठलं काय पिऊ?"

डबे गेल्यावर लिंक उघडून बसलो. ती अशी होती:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=वैनी, आजचा डबा: पिठलं & भाकरी%0Aनाव:%0Aपत्ता:
```

सगळा घोळ त्या `&` चा. आपल्याला ते 'आणि' वाटतं. लिंकमध्ये त्याचा अर्थ 'एक गोष्ट संपली, आता दुसरी सुरू' असा होतो. त्यामुळं मेसेज पिठल्यावर संपला आणि भाकरी, नाव, पत्ता ही कुठलीतरी वेगळीच भानगड समजून सोडून दिली गेली. तेच चिन्ह हवं असेल तर `%26` लिहावं लागतं; ओळ बदलायला जसं `%0A`, तसंच. मी मात्र रविवारी रात्री तपासताना मजकुरात नुसतं 'टेस्ट' लिहून बटण दाबलं होतं. ते बिचारं अख्खं आलं. खरा मेनू त्यानंतर घातला, आणि तो तपासायचं काही सुचलं नाही.

`%26` च्या वाटेला न जाता मी सरळ 'आणि' लिहिलं. मग स्वतःच बटण दाबून मेसेज बायकोला पाठवला, शेवटच्या 'पत्ता:' पर्यंत सगळा आला तेव्हा झोपलो.

मंगळवारी पहिला मेसेज पूर्ण आला. उसळ आणि चपाती. नाव होतं. पत्त्यापुढं लिहिलं होतं: 'तालमीच्या मागं'.

सायकलवाल्या पोरानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, कुठल्या?"