उभ्याने जेवा, सावकाश होऊ द्या

घरात लग्न ठरलं की पहिला वाद हॉलवरून, दुसरा पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून आणि तिसरा बुफे की पंगत यावरून होतो. पहिल्या दोन वादांत मी पडत नाही. तिसऱ्यात मात्र माझा सल्ला ठाम आहे: डोळे मिटून बुफे ठेवा आणि तो मी सांगतो तसाच ठेवा. गेल्या हिवाळ्यात पुण्यात आमच्या नात्यातल्या एका रिसेप्शनला मी त्याची परिपूर्ण मांडणी बघून आलो आहे.

टेबल भिंतीला चिकटवून लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मागे फुलांची सजावट येते, फोटो छान येतात आणि माणसं एकाच बाजूने वाढून घेऊ शकतात. एका माणसाला टेबलाच्या शेवटी पोचून बाजूला व्हायला लागणारा वेळ सोडून द्या, फक्त रांगेतून दर किती सेकंदांनी एक माणूस सुटतो ते मोजा. मी मोजलं. साधारण पंधरा. म्हणजे मिनिटाला चार, आणि पाहुणे ४००. शेवटच्या माणसाच्या हाती ताट पडायला शंभर मिनिटं. पत्रिकेवर तुम्ही सात ते दहा छापलंय, पण लोक येणार सव्वाआठ ते नऊ या पाऊण तासात. केटररचा पोऱ्या कदाचित म्हणेल, ‘साहेब, टेबल मधे ओढू का? दोन्हीकडून घेतील, निम्म्या वेळात होईल.’ त्याला गप्प बसवा. अशी दोन टेबलं मधे ठेवली तर पंचवीस मिनिटांत सगळे मोकळे होतील, आणि मग लोक तुमची सजावट बघणार कधी?

शिवाय लाइव्ह काउंटर हवाच. एक तवा, त्यावर एका वेळी चार डोसे, तीन मिनिटांचा घाणा. तासाला ऐंशी. पाहुण्यांपैकी निम्म्यांना जरी डोसा हवा असला तरी अडीच तास. तो काउंटर मुख्य रांगेच्या मधोमध, पनीर आणि पुलावाच्या मधे ठेवा, म्हणजे ज्याला डोसा नको तोही डोश्यासाठी थांबेल. आमच्याकडे तो तिथेच होता. रात्री दहाला स्पीकर कायद्याने बंद झाला तेव्हा शांततेत फक्त उलथन्याचा आवाज येत होता.

आता ज्येष्ठ मंडळी. यांची काळजी करू नका, ती आशीर्वाद द्यायला आलेली असतात. आमचे नानाकाका ब्याऐंशीचे. उजव्या हातात काठी. डाव्या हातात ताट. मग वाढून घ्यायचं कशाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला: काठी काखेत धरली आणि पळी उचलली. भाजीच्या भांड्याचं झाकण वाफेने तापलेलं होतं, ते उचलायला तिसरा हात लागला. तेवढ्यात काठी निसटली. ती उचलायला दोघं वाकले, मागची रांग थांबली आणि ताटातली आमटीची वाटी कलंडून श्रीखंडात गेली. काका म्हणाले, ‘असू दे रे, पोटात सगळं एकच होतं.’ मग ते टेकायला खुर्ची शोधायला गेले. खुर्च्या होत्या, सगळ्या स्टेजकडे तोंड करून, एका मोठ्या आणि जड ओळीत बांधलेल्या. ताट मांडीवर.

त्यांच्यासारख्या काहींना मधुमेह असतो, जेवणाची वेळ ठरलेली असते, कुणी इन्शुलिन घेऊन आलेलं असतं. त्यांना आधी स्टेजच्या रांगेत उभं करा, पाकीट देऊन फोटो होऊ दे, मगच जेवणाच्या रांगेकडे जाऊ द्या. दोन रांगा मिळून सव्वा तास होतो. साखर कमी होऊन हात थरथरू लागले तर वेलकम ड्रिंक आहेच.

‘मग पंगत ठेवू का?’ असं विचाराल. मी पंगतवाला नाही, उगीच जुन्या आठवणींनी गहिवरू नका. पंगतीत शंभर पानं बसली तर वाढून, जेवून, हात धुऊन, टेबलं पुसून पुढची बसेपर्यंत पन्नास मिनिटं जातात. ४०० माणसांच्या चार पंगती म्हणजे तीन तास वीस मिनिटं. वर दर दहा-बारा पानांमागे एक वाढपी लागतो, नाहीतर वरणभातावर तूप यायच्या आत भात गार होतो. आणि ज्यांना घाई आहे ते जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात, त्याच्या मठ्ठ्याच्या शेवटच्या घोटाकडे टक लावून. तेही दृश्य मी पाहिलंय. शंभर बसतील एवढ्या हॉलमध्ये ४०० जणांना पंगत, हाही छळाचा उत्तम प्रकार आहे. फक्त त्यात छळ बसून होतो.

एक मधला मार्ग मात्र कुणी सुचवला तर कानावर हात ठेवा. साठच पानांची एक पंगत, साडेसातला, गर्दी व्हायच्या आधी, फक्त ज्येष्ठांसाठी आणि लहान बाळं असलेल्यांसाठी. त्याला पाच-सहा वाढपी पुरतात, बाकीच्यांचा बुफे चालूच. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधीच वाढलेली. काकांनी हाताने नको म्हटलं की वाढपी पुढे गेला. काठी खुर्चीला अडकवलेली. याला खर्च फारसा येत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

नासाडीचं तर पाहूच नका. चोवीस पदार्थ ठेवा. माणूस प्रत्येकाचा अर्धाच चमचा घेतो, पण चोवीस अर्धे चमचे म्हणजे डोंगर होतो. आणि पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं नाही हे माहीत असल्याने तो गुलाबजामही पहिल्याच फेरीत चार घेतो. पंगतीत आग्रह नासाडी करतो, बुफेत रांग करते. आमच्याकडे मी उष्ट्या ताटांचा निळा टब पाहिला. वरच्या ताटात पनीर, अख्खी पुरी आणि दोन न चावलेले गुलाबजाम होते, श्रीखंडातल्या आमटीला टेकलेले. ते ताट कुणाचं होतं ते मी ओळखलं.

उरलेलं अन्न वाटणाऱ्या संस्थेला द्यायचं म्हणाल, तर काउंटरवर तीन तास झाकण उघडं-बंद होत कोमट पडलेलं अन्न ती घेत नाही, आणि योग्यच करते. भात, पनीर, मठ्ठा असल्या गोष्टी दोन तासांपेक्षा जास्त कोमट राहिल्या की बिघडायला लागतात. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं, अजून बाहेर न आलेलं पातेलं मात्र ती घेईल. म्हणून केटररला सांगा, साडेनऊलाच सगळं बाहेर काढ. शेवटच्या पाहुण्यालाही भांडं काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे.

हिशेब ताटांवर होतो, हे विसरू नका. मोठी ताटं आधी मोजून ठेवतात आणि वापरलेली नंतर मोजतात. गोडासाठी नवं ताट घेणारा पाहुणा तुम्हाला दोनदा जेवलेला पडतो. तिथे छोट्या वाट्या ठेवल्या असत्या तर हा प्रश्न आला नसता, पण वाट्या धुवायला मागे गेल्या होत्या.

नानाकाका अकराला घरी पोचले आणि काकूने कुकरमधला उरलेला भात दह्यात कालवून दिला. महिन्याने अल्बम आला. त्यात ‘ज्येष्ठांचे आशीर्वाद’ नावाचं पान आहे. काका मधोमध, काठी काखेत, हातात रिकामं ताट, नजर डोश्याच्या तव्याकडे. फोटोग्राफर चांगला घ्या.